बिनतंबाखूची सुपारी आणि आखडणारे तोंड

बारामती आणि इंदापूर परिसरातील जैन व्यापारी घराण्यांत निर्व्यसनीपणाचा संस्कार पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. सप्तव्यसनांच्या त्यागाचा नियम लहानपणीच घेतला जातो. विडी-सिगारेट, दारू आणि तंबाखू यांना घरात थारा नसतो. मुलामुलींच्या सोयरिकीची बोलणी सुरू झाली की ‘मुलगा निर्व्यसनी आहे ना?’ हा प्रश्न हमखास विचारला जातो आणि त्याचे उत्तर अभिमानाने दिले जाते. मात्र त्याच घरात जेवणानंतर सुपारीचा डबा फिरतो. दुकानाच्या गादीवर अडकित्ता आणि कातरलेली सुपारी ठेवलेली असते. आलेल्या ग्राहकाला किंवा आडत्याला चिमूटभर सुपारी देणे हा शिष्टाचार मानला जातो. ‘तंबाखू नाही, फक्त सुपारी आहे,’ असे म्हणताना कोणालाही आपण काही चुकीचे बोलतो आहोत असे वाटत नाही.

ही समजूत तपासून पाहण्याची वेळ आली आहे. तंबाखूचा कणही नसलेली सुपारी माणसाच्या तोंडाला स्वतंत्रपणे आजारी करते, आणि ती सोडू पाहणाऱ्याला जखडून ठेवण्याची शक्तीही तिच्यात आहे. या दोन्ही गोष्टी आज वैद्यकशास्त्रात निर्विवाद झालेल्या आहेत.

दोष कोणाचा, हे ठरायला लागलेला काळ

सुपारीवर ठपका ठेवण्यास वैद्यकशास्त्रालाही बराच काळ लागला. त्याचे कारण साधे आहे. आपल्या देशात पान खाणारे बहुसंख्य लोक पानात तंबाखूही घालत. त्यामुळे रोग झाला की दोष तंबाखूचा की सुपारीचा, हे वेगळे काढता येत नसे.

या विषयातील एक मोठे काम आपल्याच पुणे जिल्ह्यात झाले आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागातील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील १,०१,७६१ लोकांची तोंडे तपासली. त्या पाहणीचा अहवाल १९७२ साली प्रसिद्ध झाला. तोंडातील पांढरे चट्टे आणि कर्करोग यांचा तंबाखूच्या सवयीशी असलेला संबंध त्यातून ठळक झाला. पुणे जिल्ह्यातील शेतकरी त्या काळी प्रामुख्याने तंबाखू-चुना मळून खात असे. निव्वळ सुपारीमुळे होणारा जो आजार आज दंतवैद्यांना वारंवार दिसतो, तो त्या पाहणीत अगदी तुरळक आढळला.

त्या आजाराची ओळख मात्र त्याआधीच पटली होती. १९५२ साली श्वार्ट्झ नावाच्या संशोधकाने केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडाची एक विचित्र अवस्था नोंदवली. त्यांच्या तोंडाचे आतले अस्तर कडक झाले होते आणि तोंड पुरेसे उघडत नव्हते. पुढच्याच वर्षी मुंबईचे कान-नाक-घसातज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी तशाच रुग्णांचे वर्णन करून या आजाराला नाव दिले. आज डॉक्टर त्याला ‘ओरल सबम्युकस फायब्रोसिस’ म्हणतात. तोंडाच्या अस्तराखाली तंतूंचे घट्ट जाळे तयार होणे, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

पुढे १९८५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूयुक्त पान निश्चितपणे कर्करोगकारक ठरवले. परंतु तंबाखूविरहित पानाबाबत पुरावा अपुरा असल्याचे तिने नमूद केले. ‘फक्त सुपारी’ म्हणणाऱ्यांना त्या दिवसापर्यंत संशयाचा फायदा मिळत होता. नंतरच्या वर्षांत तैवानमधून भरपूर माहिती आली. तेथे सुपारी मोठ्या प्रमाणावर खाल्ली जाते, पण तिच्यात तंबाखू घालण्याची पद्धत नाही. तरीही तोंडाच्या कर्करोगाचे प्रमाण मोठे होते. भारतातूनही तसाच पुरावा जमा झाला. अखेर २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्याच संस्थेने तंबाखूविरहित पान आणि नुसती सुपारी या दोहोंना पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग निर्माण करतात हे सिद्ध झालेल्या पदार्थांत, स्थान दिले. तंबाखूही त्याच गटात आहे.

जैन वाचकांना जवळची वाटेल अशी एक पाहणी येथे सांगितली पाहिजे. पालीताणा ज्या भावनगर जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्यात १९९०च्या दशकात डॉ. प्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तंबाखू किंवा सुपारी खाणाऱ्या पाच हजारांहून थोड्या अधिक पुरुषांना तपासले. त्यांपैकी १६४ जणांना तोंड आखडण्याचा हा आजार होता. चार अपवाद वगळता ते सर्वजण सुपारी या ना त्या रूपात खात होते, आणि बहुतेकांचे वय ३५ वर्षांच्या आत होते. म्हातारपणी एखाद्याला होणारा दुर्मीळ आजार आता कमावत्या वयातील तरुणांचा झाला होता.

सुपारीच्या खांडात काय असते

सुपारी रोठा असो, चिकणी असो, भाजकी असो वा केवडा लावलेली सुगंधी असो. तिच्यातील मुख्य द्रव्ये तीच असतात. त्यांतील सर्वांत महत्त्वाचे द्रव्य म्हणजे ॲरेकोलिन. ते १८८८ साली प्रथम वेगळे काढण्यात आले. कुत्र्यांच्या पोटातील पट्टकृमी बाहेर काढण्यासाठी पशुवैद्य एके काळी हेच द्रव्य औषध म्हणून वापरीत, यावरून त्याच्या जोराची कल्पना यावी. शंभर ग्रॅम वाळलेल्या सुपारीत त्याचे प्रमाण एक ग्रॅमहूनही कमी असते. पण शरीराला जाणवण्यास तेवढे पुरेसे होते.

सुपारी चघळू लागल्यावर काही मिनिटांतच अंगात ऊब येते, लाळ सुटते, नाडी किंचित जलद होते, कपाळावर घाम येतो आणि डोके तरतरीत झाल्यासारखे वाटते. दुपारच्या वेळी दुकानात बसून पेंगणाऱ्या माणसाला हीच तरतरी हवी असते. पानात चुना असला की हे अधिक वेगाने घडते, कारण चुन्यामुळे तोंडातील द्रावण क्षारीय होते आणि ॲरेकोलिन गालाच्या अस्तरातून झटपट रक्तात उतरते. चुन्यामुळे ॲरेकोलिनच्या काही भागाचे रूपांतर दुसऱ्या एका द्रव्यात होते आणि ते मेंदूला शांत, सुखावलेले ठेवते. एकाच विड्यातून तरतरी आणि स्वस्थता दोन्ही मिळतात, हे पानाचे पिढ्यानपिढ्यांचे आकर्षण आहे.

२०१५ साली झालेल्या संशोधनात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. तंबाखूतील निकोटिन मेंदूतील ज्या ग्राहीस्थानांवर बसून तल्लफ निर्माण करते, त्याच जातीच्या स्थानांवर ॲरेकोलिनही काम करते. तंबाखूला न शिवणारा माणूस सुपारी सोडताना तंबाखू सोडणाऱ्यासारखाच कासावीस का होतो, याचा उलगडा त्यातून झाला.

तोंड आखडते कसे

ॲरेकोलिनमुळे गालाच्या अस्तराखालील पेशी कोलॅजन नावाचे तंतू गरजेपेक्षा जास्त तयार करू लागतात. निरोगी शरीरात जुने तंतू विरघळतात आणि नवे येतात, म्हणजे जमा आणि खर्च यांचा मेळ बसलेला असतो. सुपारी हा मेळ दोन्ही बाजूंनी बिघडवते. तिच्यात तांब्याचा अंश बराच असतो आणि त्यामुळे तंतू एकमेकांत गुंफण्याचे काम वाढते. शिवाय तिच्यात टॅनिन असते. कातडे कमावून टिकाऊ चामडे करण्यासाठी हेच टॅनिन वापरतात. कमावलेले चामडे सहजी कुजत नाही, त्याचप्रमाणे टॅनिन लागलेले हे तंतू शरीराला सहजी विरघळवता येत नाहीत. जमा वाढते आणि खर्च थांबतो. गालाच्या आत हळूहळू दोऱ्यांसारखे पट्टे तयार होतात.

या आजाराची सुरुवात फसवी असते. पहिले लक्षण म्हणजे तिखट लागताच तोंडात आग होणे. नेहमीचे लोणचे, चटणी किंवा मिरचीची फोडणी सोसवत नाही. माणूस पित्त झाले म्हणतो, जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेतो, तिखट कमी करतो आणि सुपारी चालू ठेवतो. तोंडात वरचेवर फोड येतात. पुढे गालाचा आतला गुलाबी रंग जाऊन तो संगमरवरासारखा पांढुरका दिसू लागतो. जीभ पूर्ण बाहेर काढता येत नाही. फुंकर घालता येत नाही, शीळ वाजवता येत नाही. पडजीभ आक्रसते आणि काहींच्या कानात दुखते. शेवटी भाकरीचा घास मोडून, अगदी छोटा करून तोंडात सरकवावा लागतो. दात दुखला तरी दंतवैद्याचे हत्यार आत जात नाही.

याच कडक, पांढुरक्या अस्तरावर काहींना पुढे कर्करोग होतो. केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात असे ६६ रुग्ण सतरा वर्षांच्या काळात वेळोवेळी तपासले गेले. त्यांपैकी पाच जणांना, म्हणजे सुमारे ७.६ टक्के रुग्णांना तोंडाचा कर्करोग झाला. बारा-तेरा जणांत एक असे हे प्रमाण आहे. तोंड आखडलेल्या माणसाचा कर्करोग लवकर ओळखणे अवघड असते, कारण आतला भाग पाहताच येत नाही. शस्त्रक्रियाही अधिक कठीण होते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार, धूरविरहित तंबाखू आणि सुपारी यांमुळे २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १ लाख २० हजार लोकांना तोंडाचा कर्करोग झाला आणि त्यांतील सुमारे ८३ हजार रुग्ण एकट्या भारतातील होते.

एका गादीचा हिशेब

हा सगळा प्रवास कसा घडतो, हे एका काल्पनिक पण नेहमी दिसणाऱ्या उदाहरणावरून पाहू. समजा, इंदापूरच्या बाजारपेठेत किराणा-भुसाराचे दुकान असलेले एक गृहस्थ आहेत. वय ४२. वडिलांच्या गादीवर वयाच्या बाविसाव्या वर्षी बसले तेव्हापासून भाजकी सुपारी खातात. तंबाखू कधी घेतलेली नाही. सकाळी दुकान उघडल्यावर पहिली चिमूट, मग चहानंतर, जेवणानंतर, माल उतरवून घेताना, वसुलीला निघताना, अशा दिवसाला आठ चिमटी होतात. एका चिमटीत दोन ग्रॅम धरली तर रोजची १६ ग्रॅम सुपारी होते. वर्षाची ५ किलो ८४० ग्रॅम, आणि वीस वर्षांची जवळजवळ ११७ किलो. म्हणजे एका माणसाच्या गालाने एक क्विंटलहून अधिक सुपारी झिजवली.

वेळेचा हिशेब याहून बोलका आहे. एक चिमूट दहा मिनिटे तोंडात राहिली तर दिवसाची ८० मिनिटे होतात. वर्षाअखेर ही बेरीज ४८६ तासांवर, म्हणजे सलग वीस दिवस आणि वीस रात्रींवर जाते. एवढा काळ दरवर्षी गालाचे अस्तर त्या रसात भिजत असते.

त्यांना चौतिसाव्या वर्षी तिखट झोंबू लागले. अडतिसाव्या वर्षी उजवा गाल कडक लागतो म्हणून त्यांनी सुपारी डावीकडे धरायला सुरुवात केली. बेचाळिसाव्या वर्षी दाढ दुखली म्हणून दंतवैद्याकडे गेले, तेव्हा तोंड २८ मिलिमीटरच उघडते असे आढळले. प्रौढ माणसाचे तोंड वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये साधारणपणे ३५ ते ५० मिलिमीटर उघडते. डॉक्टरांनी गाल बोटाने चाचपून पाहिला आणि आतले उभे पट्टे हाताला लागले. कोठे न भरणारी जखम, लाल चट्टा किंवा गाठ आहे का, हे पाहिले. तसे काही आढळले असते तर तुकडा काढून तपासणीला पाठवावा लागला असता.

उपचाराची पहिली आणि अटळ पायरी म्हणजे सुपारी पूर्ण बंद करणे. त्यानंतर गालात द्यावयाची इंजेक्शने, काही गोळ्या आणि तोंड उघडण्याचे रोजचे व्यायाम असतात. आइस्क्रीमच्या लाकडी चपट्या काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या आणि काही दिवसांनी त्यात एकेक काडी वाढवायची, असा तो साधा व्यायाम आहे. वर्षभर नेमाने केल्यास आग कमी होते आणि तोंड काही मिलिमीटरने अधिक उघडू शकते. परंतु तयार झालेले पट्टे पूर्णपणे नाहीसे होत नाहीत. फार आखडलेल्या तोंडात शस्त्रक्रियेने पट्टे कापावे लागतात, आणि सुपारी पुन्हा सुरू झाली तर तोंड पुन्हा आखडते. म्हणून अशा माणसाने सुपारी सोडल्यानंतरही दर काही महिन्यांनी तोंड तपासून घेणे आवश्यक असते.

घरच्या घरी करण्याची एक चाचणी मात्र प्रत्येकाला जमते. आपल्याच हाताची तर्जनी, मधले बोट आणि अनामिका एकत्र जुळवून, एकावर एक येतील अशी उभी करून पुढच्या दातांमध्ये घालावीत. तिन्ही बोटे सहज आत गेली पाहिजेत. दोनच जात असतील तर दंतवैद्याकडे जाण्यास दिरंगाई करू नये. दोन-तीन आठवड्यांत न भरणारा तोंडातील कोणताही व्रण किंवा चट्टा दाखवलाच पाहिजे, मग तो दुखत असो वा नसो.

पच्चक्खाणात सुपारी कोठे बसते

व्यवहारात सुपारीला आपण काहीच मानत नसलो, तरी जैन परंपरेने तिची नोंद काटेकोरपणे घेतली आहे. आहाराचे अशन, पान, खादिम आणि स्वादिम असे चार प्रकार सांगितले आहेत. लवंग, वेलची, सुपारी, तांबूल ही सर्व स्वादिमात येतात. म्हणून चौविहारात सुपारी चालत नाही आणि तिविहारातही चालत नाही, कारण तिविहारात फक्त पाण्याची मोकळीक असते. दुविहारात मात्र पाण्याबरोबर स्वादिमही मोकळे राहते. रात्री दुविहार करणाऱ्या अनेक गृहस्थांची सुपारी याच वाटेने चालू राहते. श्रावकाने रोज धारण करावयाच्या चौदा नियमांत तर तंबोल हा पाचवा स्वतंत्र नियम आहे. आज मुखवास किती घेणार, याची मर्यादा सकाळीच ठरवावी, अशी त्यामागील अपेक्षा आहे. दिगंबर परंपरेतही खाद्य, स्वाद्य, लेह्य, पेय अशी विभागणी असून सुपारी स्वाद्यात मोडते आणि उपवासात तिचा त्याग होतो.

यातून आपल्या घरांना अवलंबित्व ओळखण्याचे एक सोपे साधन मिळाले आहे. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात उपवास करणारा सुपारीचा माणूस पहिल्या दोन दिवसांत कसा असतो, हे घरातील माणसांनी पाहिलेले असते. डोके दुखते, चिडचिड होते, अंगात मरगळ येते, प्रतिक्रमणात चित्त ठरत नाही, आणि पारण्यानंतर पाणी व मूग घेतल्यावर हात थेट डब्याकडे जातो. ही लक्षणे भुकेची आहेत असे समजले जाते. चहा बंद झाल्यानेही डोके दुखते, हे खरे. म्हणून निष्कर्ष काढताना काळजी घ्यावी. चहा-जेवण नेहमीप्रमाणे चालू ठेवून फक्त सुपारी तीन दिवस बंद करावी. तरीही तल्लफ, चिडचिड आणि मरगळ जाणवली, तर ते सुपारीवरचे अवलंबित्व आहे असे समजण्यास हरकत नाही.

याचाच दुसरा अर्थ असा, की अठ्ठाई करणाऱ्या माणसाने आठ दिवस सुपारीवाचून काढलेलेच असतात. सुपारी सुटण्याचा सर्वांत कठीण काळ पहिल्या काही दिवसांचा असतो, आणि तो त्याने ओलांडलेला असतो. तरीही पारण्याच्या दिवशी ती पुन्हा सुरू होते, कारण त्यागाची मुदत उपवासापुरतीच असते. पारण्याच्याच दिवशी गुरूंच्या साक्षीने सुपारीचा वेगळा नियम घेतला, तर शरीराने आधीच केलेले काम वाया जात नाही. सुपारी सोडल्यावर तोंडाच्या कर्करोगाचा धोका उतरतो, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या तज्ज्ञगटाने २०२३ साली नमूद केले आहे.

पुडीवरील शब्द आणि गादीवरील वाटी

सुपारी सोडताना एक चूक अनेकांकडून होते. डब्यातील सुपारी बंद करून ते ‘तंबाखूविरहित’ असे छापलेला पानमसाला घेऊ लागतात. पानमसाल्यात सर्वांत मोठा वाटा सुपारीचाच असतो. त्यात चुना, कात आणि सुगंध मिसळलेला असतो. तंबाखू नसल्याचे छापलेले खरे असले, तरी पानमसाला चावणे आरोग्यास हानिकारक असल्याचा इशाराही त्याच पुडीवर कायद्याने छापावा लागतो. पूर्वी तो बारीक अक्षरांत असल्याने वाचला जात नसे. महाराष्ट्रात गुटखा आणि पानमसाल्यावर २०१२ साली बंदी आली आणि पुढच्या वर्षी सुगंधी सुपारीचाही त्या बंदीत समावेश झाला. मुलांच्या हाती पडणारी गोड, रंगीत सुपारी हा याच मालाचा धाकटा भाऊ आहे. वयाच्या दहाव्या वर्षी लागलेली चव पंचविसाव्या वर्षापर्यंत गालात पंधरा वर्षांचे काम करून ठेवते.

पूजेच्या तबकातील किंवा साखरपुड्यातील अख्खी सुपारी यात येत नाही. ती मंगलचिन्ह म्हणून ठेवली जाते, तोंडात जात नाही, आणि तिच्यामुळे कोणाचे काही बिघडत नाही. मुद्दा गादीवरच्या कातरलेल्या सुपारीचा आहे. मुखवास देण्याची रीत मोडण्याचीही गरज नाही. भाजलेली बडीशेप, धणाडाळ, वेलची, लवंग किंवा ओवा यांत ॲरेकोलिन नसते आणि ती तोंडाला तेवढीच रुची देतात. मात्र बाजारातील काही तयार मुखवासांत सुपारीचे बारीक तुकडे मिसळलेले असतात, म्हणून घटकांची यादी वाचूनच तो घ्यावा. सुपारीबरोबर तंबाखूही घेणाऱ्यांनी सरकारच्या १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर सल्ला घ्यावा.

ज्यांच्या घरी रोज सुपारी खाल्ली जाते, त्यांनी आज रात्री जेवणानंतर डबा उघडण्यापूर्वी घरातील प्रत्येक सुपारी खाणाऱ्याला तीन बोटांची चाचणी करायला लावावी आणि आकडा लिहून ठेवावा: तीन, अडीच की दोन. सहा महिन्यांनी तीच चाचणी पुन्हा करून तो आकडा पहिल्या आकड्याशी ताडून पाहावा. ‘फक्त सुपारी’ किती निरुपद्रवी आहे, याचे उत्तर त्या दोन आकड्यांवरून घरातच मिळेल.